वीस गाड्या, वीस सिम आणि एकच सामायिक डेटा

पुण्यात हडपसरच्या डेपोतून आम्ही दही, पनीर, ताक आणि श्रीखंड शहरभरच्या दुकानांना पोहोचवतो. गाड्या एकूण वीस आहेत : बारा छोटे हत्ती आणि आठ मालवाहू तीनचाकी. पहाटे चारला पहिली गाडी निघते आणि दुपारी दोनच्या सुमारास शेवटची परत येते. या वीसही गाड्यांना जीपीएस ट्रॅकर बसवायचे काम शेठांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा मला खरी चिंता ट्रॅकरच्या निवडीची आणि वायरिंगची वाटत होती. सिमकार्डे ही त्यातली सगळ्यांत किरकोळ बाब आहे, असा माझा समज होता. पुढच्या तीन महिन्यांत माझा निम्म्याहून अधिक वेळ त्या सिमकार्डांच्या डेटामागे गेला, आणि तो कसा गेला हे तपशिलाने लिहून ठेवावे, असे मला वाटते.

ट्रॅकरमध्ये आपल्या मोबाइलचे सिम घालत नाहीत. यंत्रांसाठीचे एम-टू-एम सिम वेगळे मिळते, त्याचा क्रमांक दहाऐवजी तेरा अंकी असतो, आणि त्यावरून वाटेल त्याला फोन करता येत नाही किंवा वाटेल ते संकेतस्थळ उघडता येत नाही. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार असे सिम आधी नोंदवून दिलेल्या क्रमांकांशी आणि आधी नोंदवलेल्या सर्व्हरच्या पत्त्यांशीच बोलू शकते. आम्हाला सिम देणाऱ्या कंपनीने दर सिममागे महिन्याला ३० एमबी देणारी योजना सुचवली आणि विचारले, की प्रत्येक सिमची मर्यादा स्वतंत्र ठेवायची, की सगळ्यांचा डेटा एकत्र करून सामायिक साठा करायचा. स्वतंत्र मर्यादा ठेवली, तर सासवडपर्यंत जाणाऱ्या गाडीचा डेटा संपेल आणि कोथरूडला दोन फेऱ्या मारून परतणाऱ्या गाडीचा शिल्लक राहील. एकत्र केला, तर ६०० एमबी सगळ्यांचे मिळून, ज्याला जास्त लागेल तो जास्त घेईल. मी विनासंकोच सामायिक साठा निवडला. तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो, परंतु त्यासोबत जे ठरवायला हवे होते ते मी तेव्हा ठरवले नाही.

डेटा किती लागेल याचा माझा पहिला हिशेबच चुकला होता. आमचा ट्रॅकर गाडी चालू असताना दर दहा सेकंदांनी एक नोंद करतो : वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, इंजिन चालू की बंद, बॅटरीचा दाब, आणि ज्या चार गाड्यांत शीतपेटी आहे तिथे आतले तापमान. ही नोंद सुमारे ६० बाइटची असते. दहा तासांत ३,६०० नोंदी, म्हणजे दिवसाला जेमतेम २१६ केबी आणि सव्वीस दिवसांत साडेपाच एमबी, असे मी कागदावर मांडले आणि ३० एमबी म्हणजे चैन आहे, असे समजून चालले. पहिल्या महिन्याचे बिल आले, तेव्हा दर गाडीमागे साधारण २३ एमबी खर्च झालेले दिसले. कंपनी जास्त मोजते आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. ट्रॅकिंग सॉफ्टवेअर देणाऱ्या तंत्रज्ञांनी मग कागदावर आकृती काढून दाखवले, की नोंद एकटी जात नाही. तिच्याभोवती पत्त्याचे वेष्टण असते, ती मिळाल्याची पोच सर्व्हर पाठवतो, त्या पोचेलाही वेष्टण असते, आणि ती पोच मिळाल्याचे ट्रॅकर पुन्हा कळवतो. सगळे मिळून आणखी सुमारे १९० बाइट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हिशेब इथे अगदी शब्दशः लागू पडतो : ६० बाइटच्या नोंदीसाठी २५० बाइटचा खर्च. ३,६०० गुणिले २५० म्हणजे दिवसाला ९०० केबी आणि सव्वीस दिवसांत २३ एमबी. कंपनीचा आकडा बरोबर होता.

त्या वेळी मी एवढेच पाहिले, की वीस गाड्यांचे मिळून साधारण ४७० एमबी होतात, साठा ६०० चा आहे, म्हणजे निभावते आहे. सिम कंपनीच्या पोर्टलवर साठ्याच्या ७५ टक्क्यांना आणि ९० टक्क्यांना ईमेल येईल, अशी व्यवस्था केली. साठा संपल्यावर काय करायचे, याचे दोन पर्याय होते : जादा वापराचे पैसे लावून चालू ठेवणे, किंवा सेवा थांबवणे. भलतेच बिल येऊ नये, म्हणून मी थांबवण्याचा पर्याय निवडला. या निवडीचा अर्थ मला दुसऱ्या महिन्यात कळला.

त्या महिन्याची १ तारीख सोमवारी होती. १६ तारखेला आमची एक तीनचाकी क्लचच्या कामासाठी गॅरेजला गेली. गॅरेज पत्र्याच्या शेडखाली आहे. काम करताना मेकॅनिकने बॅटरी काढली आणि १७ तारखेला सकाळी पुन्हा जोडली, एवढीच घटना घडली. गाडी फेरीवर नसल्यामुळे नकाशावर तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

२० तारखेला, शनिवारी संध्याकाळी मला ७५ टक्क्यांचा ईमेल आला. मी तो वाचला, त्यावर विचारही केला. महिन्याचे तीसपैकी वीस दिवस संपले आहेत, म्हणजे दोन-तृतीयांश महिना गेला आहे, आणि साठा तीन-चतुर्थांश गेला आहे. थोडे पुढे आहे, परंतु चिंतेचे नाही, असे मी ठरवले. इथे माझी चूक झाली. नेहमीच्या वेगाने २० तारखेच्या रात्रीपर्यंत अठरा कामाचे दिवस होतात, रोजचे १८ एमबी धरले तर ३२४ एमबी, म्हणजे साठ्याच्या ५४ टक्के व्हायला हवे होते. साठा मुळातच गरजेपेक्षा मोठा घेतलेला असल्यामुळे ७५ टक्के हा आकडा तारखेशी ताडून पाहता बरा दिसला, प्रत्यक्षात मात्र तो नेहमीच्या जवळजवळ १.४ पट होता. साठ्याची टक्केवारी आणि महिन्याची तारीख यांची तुलना करून काहीच कळत नाही. तुलना करायची ती आपल्याच नेहमीच्या खर्चाशी, आणि तो माझ्याजवळ लिहिलेला नव्हता.

९० टक्क्यांचा ईमेल सोमवारी रात्री आला. तो कार्यालयाच्या पत्त्यावर येत असे, आणि त्या आठवड्यात तिथे जीएसटीच्या पावत्यांची रीघ लागली होती. मंगळवारी तो कोणीही उघडला नाही.

बुधवारी, २४ तारखेला पहाटे सव्वाचारला आमच्या सुपरवायझरचा मला फोन आला. “ताई, सगळ्या गाड्या डेपोतच दिसतायत, पण पाच तर बाहेर पडल्या.” मी घरूनच नकाशा उघडला. जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या शेवटच्या नोंदी आदल्या रात्री पावणेनऊच्या आसपासच्या होत्या. एक ट्रॅकर बिघडला तर समजू शकते, वीस एकदम बिघडत नाहीत, म्हणून सर्व्हर बंद पडला असेल, असे मला वाटले आणि मी पहिला अर्धा तास सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करण्यात घालवला. त्यांचा सर्व्हर व्यवस्थित चालू होता. मग पोर्टलवर गेले, तेव्हा लाल अक्षरांत साठा १०० टक्के वापरला गेल्याचे दिसले. एका सिमच्या नावावर सुमारे २५० एमबी होते आणि बाकीच्यांच्या नावावर १८-१९.

यापुढचे दोन तास मी आजही विसरले नाही. पोर्टलवर सिमची ओळख होती ती तेरा अंकी क्रमांकाने. सर्व्हरवर ट्रॅकरची ओळख होती ती त्याच्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकाने. सुपरवायझर आणि चालक गाडीला ओळखत होते ते नंबरप्लेटच्या शेवटच्या चार आकड्यांनी. कोणते सिम कोणत्या ट्रॅकरमध्ये आणि तो ट्रॅकर कोणत्या गाडीत, हे ट्रॅकर बसवणाऱ्या मुलाने एका कागदावर लिहिले होते, आणि तो कागद सापडत नव्हता. शेवटी त्याच्या मोबाइलमध्ये बसवतानाचे फोटो मिळाले, त्यांतल्या सिमच्या पाठीवर छापलेला लांबलचक क्रमांक मोठा करून पोर्टलवरच्या यादीशी ताडून पाहिला, तेव्हा ती गॅरेजमधली तीनचाकी निघाली.

दरम्यान शीतपेटीच्या चारही गाड्या रस्त्यावर होत्या. पेटीतले तापमान ८ अंशांच्या वर गेले, की चालकाला आणि मला संदेश येतो, आणि त्याच भरवशावर आम्ही पेट्यांवरची तापमापी पाहणे जवळजवळ सोडून दिले होते. त्या सकाळी चौघांनाही दर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घेऊन तापमापीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितले. माल सुखरूप पोहोचला.

डेटा तातडीने वाढवून घेण्याचा मोह होता, आणि सुदैवाने सॉफ्टवेअरच्या तंत्रज्ञांनी मला थांबवले. ज्या सिमने २५० एमबी खाल्ले ते चालू असताना नवा साठा घातला, तर तोही तेच खाणार. म्हणून आधी ते सिम पोर्टलवरून तात्पुरते बंद केले आणि गॅरेजच्या मामांना ट्रॅकरची वायर काढायला सांगितली. वायर काढूनही ट्रॅकरचा हिरवा दिवा लुकलुकतच होता, कारण चोरीच्या वेळी कामी यावी म्हणून त्यात छोटी बॅटरी असते. त्याचे झाकण उघडून सिम बाहेर काढले, तेव्हा मी निश्चिंत झाले. मग २०० एमबीचा जादा साठा घेतला आणि दुपारी बाराच्या आत गाड्या एकेक करून नकाशावर परतल्या. सकाळपासूनच्या नोंदी हरवल्या नव्हत्या. नेटवर्क नसताना ट्रॅकर नोंदी आपल्या स्मृतीत साठवतो आणि जोडणी झाल्यावर जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने पाठवतो. हाच गुण त्या तीनचाकीच्या बाबतीत घातक ठरला होता.

त्याचे असे झाले. बॅटरी काढल्यावर, आतली छोटी बॅटरीही उतरल्यामुळे, ट्रॅकरचे घड्याळ पुसले गेले. एरवी तो उपग्रहांकडून वेळ घेऊन घड्याळ लावतो, परंतु पत्र्याखाली त्याला आकाश दिसत नव्हते. बॅटरी पुन्हा जोडताच इंजिन चालू-बंद झाल्याच्या काही नोंदी त्याने केल्या, आणि त्यांवर तारीख पडली १ जानेवारी १९७०, कारण अनेक संगणकीय घड्याळे शून्यापासून मोजायला तिथून सुरुवात करतात. सर्व्हरने ती अशक्य तारीख पाहून सगळा गठ्ठाच नाकारला आणि पोच दिली नाही. पोच नाही म्हणजे नोंद पोहोचली नाही, असे ट्रॅकर समजतो. त्याने पाच सेकंदांनी पुन्हा जोडणी केली, पुन्हा आपली ओळख सांगितली, पुन्हा तोच गठ्ठा पाठवला. प्रत्येक खेपेला सुमारे २ केबी. दिवसाला १७,२८० खेपा, म्हणजे जवळपास ३५ एमबी. उभ्या असलेल्या एका तीनचाकीने चालत्या एकोणीस गाड्यांच्या दुप्पट डेटा रोज खर्च केला, आणि सातव्या दिवशी साठा संपवला.

असा बिघाड ओळखायच्या दोन खुणा मी त्यानंतर लक्षात ठेवल्या आहेत. पोर्टलवर त्या सिमच्या दिवसभरातल्या जोडण्यांची संख्या हजारांत असते, एरवी ती दहा-वीस असते. आणि डेटा सतत वाहत असूनही नकाशावर गाडीची शेवटची नोंद जुन्याच वेळेवर थिजलेली असते. डेटा वाहतो आहे आणि नकाशा पुढे सरकत नाही, हे एकत्र दिसले, की दोष नेटवर्कचा नसून पोचेचा आहे, असे समजावे.

सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या बाजूची दुरुस्ती दोन दिवसांत केली : चुकीच्या तारखेची नोंद आली तर ती वेगळी काढून ठेवायची, पण पोच मात्र द्यायची. माझ्या बाजूची कामे त्यापेक्षा जास्त होती.

पहिले काम नोंदवहीचे. एका ओळीत गाडीचा नंबर, सिमचा तेरा अंकी क्रमांक, सिमच्या पाठीवरचा क्रमांक, ट्रॅकरचा आयएमईआय आणि बसवल्याची तारीख. वीस ओळींचे हे काम एका दुपारचे होते, आणि ते आधी झाले असते, तर त्या पहाटेचे दोन तास वाचले असते. त्याच वेळी कंपनीला सांगून प्रत्येक सिम त्याच्या ट्रॅकरच्या आयएमईआयशी बांधून घेतले, म्हणजे सिम काढून दुसऱ्या यंत्रात घातले, तर ते चालणार नाही आणि मला संदेश येईल.

दुसरे काम ट्रॅकरच्या मांडणीचे. नोंद दर दहा सेकंदांनीच करायची, परंतु सहा नोंदी जमल्यावर मिनिटातून एकदाच पाठवायची. आमच्या ट्रॅकरच्या मांडणीत यासाठी `Min Saved Records` आणि `Send Period` अशा दोन जागा आहेत. पहिलीत ६ आणि दुसरीत ६० भरले. आता सहा नोंदींचे ३६० बाइट आणि वेष्टण-पोचेचे एकदाच १९०, म्हणजे मिनिटाला ५५० बाइट. दहा तासांचे ३३० केबी. रोजचा खर्च ९०० वरून ३३० वर आला, आणि नकाशावरची वाट पूर्वीइतकीच बारकाईने दिसते, फक्त मिनिटभर उशिरा. दुकानदाराला गाडी कुठे आहे हे सांगायला तेवढा उशीर चालतो. तापमान, दार उघडणे आणि इंजिन चालू-बंद या नोंदी मात्र तातडीच्या म्हणून ठरवून ठेवल्या. त्या गठ्ठ्याची वाट न पाहता लगेच जातात.

हे सांगायला सोपे आहे, पण करताना आठवडा गेला. मांडणी बदलण्याची आज्ञा ट्रॅकरला एसएमएसने द्यावी लागते, आणि ती आधी नोंदवलेल्या क्रमांकावरूनच चालते. नोंदवलेला क्रमांक होता आमच्या जुन्या सुपरवायझरचा, जे मधल्या काळात नोकरी सोडून गेले होते. क्रमांक बदलण्यासाठी शेठांच्या सहीचा अर्ज, आमच्या लेटरहेडवर पत्र आणि पाच दिवस, एवढे लागले. व्यक्तीचा क्रमांक न देता डेपोचा कायमस्वरूपी क्रमांक द्यायला हवा होता. आता तो दिला आहे.

तिसरे काम मर्यादेचे, आणि याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. सामायिक साठ्यात एकाच्या चुकीचा भुर्दंड वीस जणांना पडतो, म्हणून मर्यादा साठ्यावर नव्हे, तर दर सिमवर आणि दर दिवसावर हवी. रोजचा खर्च ३३० केबी असताना मी ती ३ एमबी ठेवली. इतकी ढिली का, असे शेठांनी विचारले. दिवे घाटाच्या पलीकडे गेलेली गाडी काही तास नेटवर्कबाहेर राहिली, तर परतल्यावर साठलेल्या नोंदी एकदम पाठवते, आणि कधी ट्रॅकरच्या आतल्या प्रणालीची नवी आवृत्तीही येते. अशा रास्त कारणाने गाडी बंद पडायला नको. शिवाय नऊपट मोकळीक देऊनही ३५ एमबीचा बिघाड दोन-अडीच तासांत या मर्यादेला टेकतो.

मर्यादा ओलांडल्यावर सिम बंद करायचे की वेग कमी करायचा, हेही ठरवावे लागते. मी वेग कमी करण्याचा पर्याय घेतला. मोबाइलवर चित्रफीत पाहणाऱ्याला कमी वेग म्हणजे बंद असल्यासारखेच आहे, परंतु मिनिटाला ५५० बाइट पाठवणाऱ्या ट्रॅकरला तो जाणवतही नाही. त्यामुळे गाडी नकाशावर राहते. मात्र पाच-पाच सेकंदांनी २ केबी पाठवणाऱ्या बिघाडालाही तो वेग पुरतो, हे मी स्वतः पाहिले, म्हणून त्याच्यावर ८ एमबीची दुसरी पायरी ठेवली, जिथे ते सिम त्या दिवसापुरते बंद होते.

ही मर्यादा खरोखर कधी लागते, हे मी तपासून पाहिले. शिल्लक ट्रॅकर डेपोच्या गच्चीवर ठेवला, त्याला दर सेकंदाला एक-एक नोंद पाठवायला लावले आणि त्याच्या सिमवर १ एमबीची मर्यादा घातली. सेकंदाला २५० बाइट म्हणजे तासाला ०.९ एमबी. तासा-सव्वातासात मर्यादा ओलांडली जायला हवी होती, आणि सर्व्हरवर ती तशी ओलांडलेली दिसलीही. कंपनीचा संदेश आला तो त्यानंतर जवळजवळ तीन तासांनी. याचे कारण असे, की नेटवर्क प्रत्येक बाइटची बातमी तत्काळ पोर्टलला देत नाही. जोडणी संपल्यावर किंवा ठरावीक वेळेने, ठरावीक आकाराने वापराची नोंद कापली जाते आणि मग ती पुढे जाते. ट्रॅकरने एकच जोडणी तासन्‌तास धरून ठेवली, तर पोर्टलवरचा आकडा तितका वेळ जुनाच दिसतो. मर्यादा ही भिंत नसून उशिरा मिळणारी हाक आहे, हे धरूनच आकडे ठरवावे लागतात. ट्रॅकरच्या बाबतीत तीन तासांच्या उशिरात चार-पाच एमबी जातात, ते साठा सोसू शकतो. म्हणूनच आयएमईआयचे बंधन आणि नोंदवलेल्या पत्त्यांचे बंधन सोडून चालत नाही. तेच सिम मोकळेपणी फोनमध्ये चालले असते, तर तीन तासांत साठ्याचा फडशा पडला असता.

चौथे काम सूचनांचे. टक्केवारीचे ईमेल ठेवले आहेत, पण त्यांवर आता मी विसंबत नाही. रोज सकाळी अकराला पोर्टलवरून आदल्या दिवसाचा वापर उतरवून घेते आणि तो एका तक्त्यात चिकटवते. अ स्तंभात गाडी, ब स्तंभात एमबी, आणि क स्तंभात हे सूत्र :

```
=IF(B2=0,"बंद?",IF(B2>5*MEDIAN(B$2:B$21),"पाहा",""))
```

सरासरीऐवजी मध्यक घेतला, कारण एक सिम ३५ एमबीवर गेले, तर सरासरी स्वतःच वर चढते आणि पाचपटीची रेषाही तिच्याबरोबर वर सरकते. मध्यक जागचा हलत नाही. शून्याची सूचना मी सुरुवातीला केवळ सोबतीला घातली होती, परंतु प्रत्यक्षात तीच अधिक वेळा उपयोगी पडली आहे. ज्या गाडीने कामाच्या दिवशी काहीच डेटा वापरला नाही, तिच्या ट्रॅकरची वायर सुटलेली असते, फ्यूज गेलेला असतो, किंवा सिम आपल्या खाचेत हललेले असते. जास्त खर्चाची सूचना पैसे वाचवते, शून्य खर्चाची सूचना गाडी वाचवते, आणि दोन्ही एकाच तक्त्यातून मिळतात.

महिनाअखेरीचा अंदाजही मी आता मागच्या तीन दिवसांच्या वेगावरून काढते. त्या २० तारखेला हे केले असते, तर ४५० एमबी संपले आहेत, रोज ५३ एमबी जात आहेत आणि दहा दिवस बाकी आहेत, म्हणजे ९५० च्या वर जाणार, हे दोन मिनिटांत दिसले असते.

साठा संपल्यावर सेवा थांबवण्याचा पर्याय मी बदलून घेतला. जादा वापर चालू राहील, परंतु ठरावीक रकमेपर्यंतच, आणि ती रक्कम ओलांडण्याआधी मला व सुपरवायझरला एसएमएस येईल, अशी अट करारात घातली. दर सिमची रोजची मर्यादा असल्यामुळे भलत्या बिलाची भीती उरली नव्हती.

खर्च कमी झाल्यावर शेठांनी साहजिकच विचारले, की ३० एमबीची योजना सोडून १० एमबीची घेता येईल का. वीस गाड्यांचा महिन्याचा खर्च आता १७० ते १९० एमबी होता, आणि १० एमबीप्रमाणे साठा २०० चा झाला असता. बसतो, पण शिल्लक दहा-तीस एमबीच राहते. मोठ्या साठ्यातली मोकळीक बिघाड पोटात घालते, लहान साठ्यात ती सोय नसते. शेवटी १५ एमबीवर आमचे एकमत झाले : ३०० चा साठा, शंभराच्या वर शिल्लक, आणि दर सिममागे निम्मी योजना.

त्यानंतरच्या महिन्यात एका रात्री पावणेदोनला माझ्या फोनवर संदेश आला, की वाघोलीच्या फेरीवरच्या एका छोट्या हत्तीने ३ एमबी ओलांडले आहेत. सकाळी तक्ता पाहिला. बाकी एकोणीस गाड्या ०.३ च्या आसपास होत्या आणि नकाशावर सगळ्या हलत होत्या. त्या गाडीचीही जागा नकाशावर ताजी होती, म्हणजे पोच मिळत होती आणि १९७० चा प्रकार नव्हता. सर्व्हरवर नोंदी उघडल्या, तर रात्रभरात इंजिन चालू-बंद झाल्याच्या हजारो नोंदी दिसल्या, डेपोत उभ्या गाडीच्या. इंजिनच्या नोंदी तातडीच्या ठरवलेल्या असल्यामुळे प्रत्येक नोंद स्वतंत्र वेष्टणातून गेली होती. दुपारी गाडी परत आल्यावर इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखालचे आवरण काढले. किल्लीच्या स्विचमधून ट्रॅकरकडे येणाऱ्या वायरवर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि बोट लावताच ट्रॅकरचा दिवा लागत-विझत होता. त्यांनी वायर सोलून पीळ दिला, झाळ लावली आणि वर नळी चढवली. दोन दिवसांनी अकराला त्या गाडीसमोर ०.३४ एमबी होते.